मानमोडी आणि शंभर मात्रांची कुपी



आपण शहरात राहत असलो तरी पुष्कळांचा एक पाय मोहोळ, मंगळवेढे, अक्कलकोट या बाजूच्या एखाद्या गावात असतोच. तिथे गेल्यावर, "यंदा आठवड्यात सारे खुराडे रिकामे झाले," हे आपण कधीतरी ऐकलेले असेल. हे बहुधा मानमोडीचे काम. शास्त्रात तिला राणीखेत म्हणतात, कारण आपल्या देशात कुमाऊंतील राणीखेतला १९२७ साली तिची ओळख पटली.

या रोगावर औषध नाही. लस मात्र आहे. आपल्या पुण्यात १८८९ साली जी संशोधनशाळा निघाली आणि पुढे १८९३ साली हिमालयात मुक्तेश्वरला गेली, तिथेच हॅडो आणि इदनानी यांनी १९४० नंतरच्या काही वर्षांत या लसीचे काम केले. मग इतक्या वर्षांनीही कोंबड्या का मरतात? माझे उत्तर असे की, अडचण लसीच्या कुपीत आहे. एका कुपीत साधारण शंभर मात्रा असतात आणि गावातल्या बाईपाशी कोंबड्या असतात आठ!

ही लस जिवंत विषाणूची असते. तो विषाणू सौम्य केलेला असतो, पण मेला तर लसही मेली. म्हणून ती थंड राहिली पाहिजे. सोलापूरच्या वैशाखात कुपी खिशात घालून एस. टी.ने नेली, तर गावी पोहोचते ते नुसते पाणी. द्रावण घालून कुपी एकदा कालवली, की ती दोन तासांत संपवावी लागते. एकटीने ती फोडणे परवडत नाही; ती साऱ्या गावाने मिळूनच फोडायची वस्तू आहे.

समजा, एका वस्तीत बारा घरे आहेत. मोठे पक्षी साठ, पिले अठ्ठावीस. आदल्या रात्री सगळ्यांनी कोंबड्या खुराड्यात आणि डालग्याखाली कोंडून ठेवायच्या. दोन प्रकारच्या कुप्या बर्फाच्या थर्मासमध्ये आणायच्या. पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, पिलांच्या डोळ्यात पातळ लसीचा एकेक थेंब टाकायचा. पिलाने डोळा मिटून उघडेपर्यंत त्याला हातात धरायचे. आठ आठवड्यांवरच्या पक्ष्यांना दुसरी लस. ती कुपी पन्नास मिलिलीटर द्रावणात कालवून प्रत्येकाला अर्धा मिलिलीटर पंखाखालच्या कातडीत टोचायची. ही टोचायची लस पिलांना देऊ नये, ती त्यांना झेपत नाही. अंड्यावरच्या कोंबडीची अंडी तिने काही दिवस कमी होतात, हे बायकांना आधीच सांगावे. नाहीतर पुढच्या खेपेला कोणी कोंबडी पुढे करणार नाही. घर बदलले की सुई बदलावी. उरलेल्या चाळीस मात्रा जपून ठेवण्याचा मोह धरू नये. त्या उकळून पुरून टाकाव्यात. थेंबाची लस मात्र काही महिनेच टिकते, म्हणून त्या पिलांना मोठेपणी टोचावेच लागते.

आता दुसरी वेळ पाहू. लस राहून गेली आणि एका घरात कोंबडी पिसे फुलवून बसली. हिरवट पातळ हगते, चोच उघडून श्वास घेते, पाय-पंख लुळे पडतात, मान मागे किंवा एका बाजूला पिळते. अशा वेळी लोक दोन गोष्टी करतात. एक म्हणजे धावत जाऊन लस टोचून घेतात. पण लसीचे बळ यायला आठ-पंधरा दिवस लागतात आणि रोग अंगात शिरल्यापासून बहुधा पाच-सहा दिवसांत उघडा होतो. ज्यांच्या अंगात तो आधीच शिरला आहे त्या मरतातच आणि नाव लसीचे बद्द होते! शिवाय टोचणारा हात आणि सुईच रोग घरोघर नेतात. टोचायचेच असेल, तर वस्तीच्या निरोगी टोकापासून टोचावे आणि आजारी घराच्या उंबऱ्यात टोचणाऱ्याने पाय ठेवू नये.

दुसरी गोष्ट अधिक घातक. मरण्यापूर्वी चार पैसे यावेत म्हणून उरलेल्या कोंबड्या आठवडी बाजारात नेतात. त्या गरीब बाईला मी दोष देत नाही. मीठमिरचीचा पैसा तिथूनच येतो. पण वरून धडधाकट दिसणारी कोंबडीही रोग घेऊन फिरत असते. ती विकत घेणारा तो दुसऱ्या दहा गावांत पोहोचवतो. स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्यांत आपण शहरातलेही असतो, श्रोतेहो!

तेव्हा काय करावे? पक्षी कोंडावेत, मेलेले चुना घालून खोल पुरावेत. ओढ्यात टाकू नयेत. खुराडे धुऊन, चुना मारून महिनाभर मोकळे ठेवावे. आणि गुरांच्या दवाखान्यात वर्दी द्यावी. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला, त्याचीही लक्षणे नुसत्या डोळ्यांना अशीच दिसतात. प्रयोगशाळेवाचून दोहोंतला फरक सांगता येत नाही. म्हणून आजारी कोंबडी घरी कापूही नये.

उन्हाळ्यात गावी जाल तेव्हा एवढेच विचारा: आपल्या आळीत मिळून शंभर कोंबड्या होतात का? होत असतील, तर एका कुपीचे गणित जमले.