वीस हजार पिशव्यांचा ‘ना नफा ना तोटा’

ओतूरच्या कांदा बाजाराजवळ कुणी पाच लाखांचं प्रतवारी यंत्र घ्यायचं ठरवलं, असं समजा. यंत्र पाच वर्षं चालणार, मग भंगारातही काही येणार नाही. पिशवीमागे मजुरी-वीज वजा जाता सात रुपये उरतात. जागाभाडं वगैरे ठरलेला खर्च वर्षाला चाळीस हजार. कर सध्या बाजूला ठेवू.

हिशेबनीस यंत्राचा घसारा वर्षाला एक लाख धरतो. म्हणजे एक लाख चाळीस हजार भागिले सात, वीस हजार पिशव्या. हा झाला हिशेबी समतोल. वहीत नफा शून्य, तोटाही शून्य.

पण हातात काय आलं? घसारा खिशातून जात नाही, म्हणून दरवर्षी रोख एक लाख. पाच वर्षांत पाच लाख परत, पण व्याजाचा एक रुपयाही नाही! पैशाची किंमत बारा टक्के धरली, तर त्या पाच लाखांचं आजचं मूल्य जेमतेम तीन लाख साठ हजार. एक लाख चाळीस हजारांचा खड्डा.

खड्डा भरायला वर्षाला सुमारे १,३८,७०० रुपये रोख हवेत. त्यात चाळीस हजार मिळवून सातने भागा: साधारण २५,५३० पिशव्या. इथे निव्वळ वर्तमान मूल्य शून्य होतं. हा आर्थिक समतोल.

आणि हो, हा आकडा दरवर्षी गाठायचाय. पहिली दोन वर्षं माल कमी आला, तर पुढे सरासरी भरूनही चालत नाही. उशिरा आलेला रुपया लहान असतो. म्हणून यंत्र घेण्याआधी विचारा: पंचवीस हजारांवर पिशव्या पहिल्याच हंगामापासून येतील का?