वाकड्या घरांचा सुडोकू

वर्तमानपत्रातला सुडोकू रोज सोडवणारेही जिगसॉ सुडोकूपुढे अडखळतात. अंक तेच, 1 ते 9; फक्त तीन-बाय-तीनच्या चौकोनांऐवजी नऊ-नऊ चौकटींचे वेडेवाकडे तुकडे. नजरेला मात्र जुने चौकोनच दिसत राहतात आणि बहुतेक चुका तिथेच होतात. म्हणून आधी तुकड्यांच्या सीमा ठळक करून घ्याव्यात.

नेहमीच्या कोड्यात तीन ओळींत तीन चौकोन नेमके बसतात. दोन चौकोनांत अंक सापडला, की तिसऱ्यातली ओळ आपोआप ठरते. इथे एखादा तुकडा पाच-सहा ओळींतही पसरतो, त्यामुळे ही युक्ती चालत नाही. तिची जागा घेते उरलेल्या चौकटींची तुलना.

समजा, एका तुकड्याच्या सात चौकटी पहिल्या ओळीत डावीकडून सलग आहेत आणि उरलेल्या दोन दुसऱ्या ओळीच्या पहिल्या दोन स्तंभांत. ओळीतही नऊ अंक, तुकड्यातही नऊ. सात चौकटी सामाईक, म्हणजे पहिल्या ओळीच्या शेवटच्या दोन चौकटींत जे अंक येतील, तेच खालच्या त्या दोन चौकटींत यायला हवेत. क्रम मात्र वेगळा असू शकतो.

आता पहिल्या ओळीच्या टोकाला 4 आहे. मग खालच्या दोहोंपैकी एकीत 4 हवाच. पहिल्या स्तंभात खाली कुठेतरी 4 आधीच असेल, तर दुसऱ्या स्तंभातल्या चौकटीत बेधडक 4 लिहावा.

हीच तुलना दोन ओळी आणि दोन तुकडे घेऊनही करता येते. फक्त ओळींबाहेर सांडलेल्या चौकटी चार-पाचच्या वर गेल्या, की हाती फारसं लागत नाही.