शिळा उभी राहते कशी?



इंग्लंडच्या दक्षिण भागातील सॅलिसबरीच्या माळरानावर स्टोनहेंज नावाचे शिलावर्तुळ आहे. इ. स. पूर्व २५००च्या सुमारास तेथे प्रचंड शिळा उभारल्या गेल्या. मध्यभागी दोन खांब आणि त्यांवर एक आडवी शिळा, अशा पाच कमानी होत्या. त्यांपैकी सर्वांत मोठ्या कमानीचा लांब खांब तीस टनांहून अधिक वजनाचा होता. उभारणाऱ्यांजवळ लोखंड नव्हते, कप्पी नव्हती. होते ते दोर, लाकूड आणि माणसांचे हात.

या शिळांपैकी बहुतेक सुमारे २५ किलोमीटर उत्तरेकडील वेस्ट वुड्स येथून आल्या, असे २०२० साली दगडाच्या रासायनिक परीक्षणातून दिसून आले. त्या आणल्या कशा, या प्रश्नावर गोल ओंडक्यांवरून लोटत आणल्या, असे उत्तर सहज सुचते. परंतु एवढ्या वजनाखाली ओंडके चिरडतात, तिरके होतात आणि मऊ जमिनीत रुततात. १९९०च्या दशकात इंग्लंडमध्ये चाळीस टनांची काँक्रीटची प्रतिकृती घेऊन जो प्रयोग झाला, त्यात वेगळी वाट धरली गेली. शिळा लाकडी घसरगाड्यावर बांधली, खाली लाकडी रूळ अंथरले आणि त्यांना चरबी फासली. सुमारे १३० माणसांनी ती वीस फुटांत एक फूट चढणाऱ्या उतारावरून वर ओढली.

हिशेब करून पाहिला तर यात चमत्कार उरत नाही. अशा चढावर वजनाचा विसावा भाग, म्हणजे दोन टन, केवळ चढण्यासाठी लागतो. प्रत्येकाने चाळीस-पंचेचाळीस किलोंचा जोर लावला, तर १३० जणांचा जोर साडेपाच टनांच्या आसपास जातो. उरलेला जोर घर्षणावर मात करण्यासाठी असतो. म्हणून चरबीचे महत्त्व. स्थिर शिळा हलवणे चालती ठेवण्यापेक्षा कठीण असते. त्यासाठी मागून लांब दांड्यांची तरफ लावावी लागते आणि सर्वांनी एकाच क्षणी ओढावे लागते.

खरी कसोटी मात्र पुढे असते. उत्खननात सापडलेल्या खड्ड्यांची रचना बोलकी आहे. त्यांची एक बाजू उतरती असे, तर समोरच्या उभ्या बाजूला लाकडी खुंट लावलेले असत. शिळेचा पाया खड्ड्यात घसरताना समोरची खडूची भिंत ढासळू नये, म्हणून ही योजना असावी. प्रयोगात शिळेचे बूड खड्ड्यावर पुढे आणून तिच्या पाठीवरून जड वजने बुडाकडे सरकवली. तोल फिरताच शिळा खड्ड्यात कलली आणि तिरकी उभी राहिली.

आता तिला सरळ करायचे. जमिनीवरून थेट दोर ओढला तर ताणाचा बराच भाग शिळेला खाली दाबण्यात वाया जातो. म्हणून दोन वासे कैचीसारखे बांधून दोर त्यांच्या शेंड्यावरून नेला. दोराची दिशा उंचावली आणि तोच जोर शिळा उभी करू लागला. त्यानंतर खड्डा दगडांनी व खडूने ठासून भरायचा. मूळ खड्ड्यांत शिळा घडवण्यासाठी वापरलेले गोल हातोडेही भरावात सापडतात.

आडवी शिळा जागेवरून घसरू नये, म्हणून खांबांच्या माथ्यावर उंचवटे आणि तिच्या खालच्या बाजूस खाचा कोरल्या होत्या. हा सुताराचा कुसू-खाचेचा सांधा आहे. दगड घडवणारी ही माणसे लाकडाच्या कामात मुरलेली होती, हे त्यावरून कळते.

चूक झाली तर काय होते, तेही येथेच दिसते. सर्वांत मोठ्या कमानीचे दोन खांब असमान लांबीचे होते. एक सुमारे नऊ मीटर, तर दुसरा साडेसात मीटरच्या आसपास. माथे सारख्या उंचीवर यावेत म्हणून लांब खांब सुमारे २.४ मीटर पुरला, आखूड खांब मात्र जेमतेम १.२ मीटर. त्याच्या बुडाशी दगडाचा फुगवटा ठेवून आधार देण्याचा प्रयत्न झाला, तरी तो पुरला नाही. आखूड खांब कोसळून भंगला. लांब खांबही कलला होता. १९०१ साली विल्यम गोलंड यांच्या देखरेखीखाली तो सरळ करण्यात आला आणि आजही उभा आहे.

ही विद्या दूरदेशीचीच नव्हे. आपल्या ईशान्येतील नागा समाजांत दुबेळक्याच्या झाडाच्या घसरगाड्यावर शिळा बांधून सारे गाव ती ओढत नेते. मणिपूरमधील विल्लोंग खुल्लेन येथे अशा शिळांची रांगच आहे. तेथेही शंभर हातांना एक झटका देणारा घोष दोराइतकाच आवश्यक असतो, आणि शिळा किती वर्षे उभी राहील हे तिच्या उंचीवर नव्हे, तर जमिनीखाली गेलेल्या भागावर ठरते.