चार मीटर आणि पाच सेकंद

समजा, दोघा आजोबांचं वय सारखंच आहे, 76. दोघांनाही हर्नियाचं ऑपरेशन करायचंय. कागदावर दोघांत काही फरक नाही. आता डॉक्टर त्यांना चार मीटर चालायला सांगतात, नेहमीच्या चालीनं. पहिले साडेतीन सेकंदांत पोचतात, दुसऱ्यांना सात लागतात. पाचपेक्षा जास्त सेकंद लागले, की पुढची तपासणी हवी.

एवढ्याशा चालण्यातून काय कळणार? बरंच काही. चालताना हृदय, फुप्फुसं, स्नायू, नसा, नजर आणि तोल या सगळ्यांना एकाच वेळी राबावं लागतं. जन्मतारीख फक्त वर्षं मोजते. शरीराची गंगाजळी किती उरलीय, ते चाल सांगते. ऑपरेशनचा ताण याच गंगाजळीतून भागतो.

ही गंगाजळी आटणं म्हणजे जर्जरता. 2001 मध्ये संशोधक लिंडा फ्रीड यांच्या गटानं जर्जरतेच्या पाच खुणा ठरवल्या: नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, कमी हालचाल, मंद चाल आणि हाताची सैल पकड. तीन आढळल्या तर जर्जरता, एक-दोन असतील तर तिचा उंबरठा. दुसऱ्या आजोबांचं वर्षभरात पाच किलो वजन घटलंय, पकडही ढिली आहे. म्हणजे तीन झाल्या. त्यांना गुंतागुंतीचा, अंथरुणाला खिळण्याचा धोका जास्त. मग आधी काही आठवडे प्रथिनं आणि व्यायाम द्यायचे का, हे ठरवता येतं.

मात्र गुडघेदुखीनंही चाल मंदावते, आणि तापातल्या माणसाची चाल मोजून उपयोग नाही. त्याच्याबाबत घरच्यांना विचारायचं: दोन आठवड्यांपूर्वी ते कसे होते?