पाणी पानांना नको, मुळांना द्या



आफ्रिकन व्हायोलेट सहसा घरात येतं ते फुलांच्या लोभानं. तळहाताएवढ्या कुंडीत मखमली पानांचा गोल घेर आणि मधोमध जांभळ्या किंवा गुलाबी फुलांचा झुबका. सहा-सात महिन्यांत ते मेलं, की आपण म्हणतो, झाड नाजूक होतं. मला हे मान्य नाही. या झाडाची फक्त पाण्याबाबत एक अट आहे आणि आपण नेमकी तीच मोडतो.

झाड मूळचं पूर्व आफ्रिकेतल्या उसंबारा डोंगरांतलं, म्हणजे आजच्या टांझानियातलं. १८९३ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हर्मान वेंडलांड यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. त्या डोंगरांत पाऊस भरपूर पडतो, मग हे झाड पावसानं कुजत कसं नाही? कारण ते सावलीतल्या खडकांवर, कपारींत वाढतं. तिथे मुळांशी माती जेमतेम असते, उतार असतो, त्यामुळे आलेलं पाणी थांबत नाही. आपण त्याला सपाट कुंडीत सरळ उभं करतो. पानांचा घेर वाडग्यासारखा होतो आणि आपण त्या वाडग्यात वरून पाणी ओततो.

पुण्यात आमच्या शेजारच्या वहिनींकडे असंच एक झाड होतं, पूर्वेच्या खिडकीत. डिसेंबरात त्याच्या पानांवर फिकट पिवळसर वलयं आणि नागमोडी रेघा उमटल्या. वहिनींना वाटलं बुरशी. त्यांनी बुरशीनाशक आणून दोनदा फवारलं. डाग हलले नाहीत, उलट नव्या पानांवर आणखी उमटले. ते डाग मी नीट पाहिले. वलयाच्या आतली जागा सुकलेली नव्हती, पान ताठ होतं आणि मागची बाजू स्वच्छ होती. रेघा तर अशा होत्या, की पाण्याचा ओघळ पानावरून कुठून कुठे गेला ते दिसत होतं.

हे डाग रोगाचे नसतात, गार पाण्याचे असतात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी डिसेंबरच्या सकाळी चांगलंच गार असतं, आणि कोवळ्या उन्हातलं पान त्याच वेळी उबदार. पान आणि पाणी यांत आठ-दहा अंशांचा फरक असला, की पानाच्या वरच्या सालीखालच्या पेशी त्या अचानक गारव्यानं कोसळतात आणि त्यांतलं हरितद्रव्य नष्ट होतं. गेलेलं हरितद्रव्य परत येत नाही, म्हणून तो डाग पान गळेपर्यंत राहतो. मात्र तो वाढत नाही, पसरत नाही आणि शेजारच्या झाडाला लागत नाही. बुरशीचा डाग दिवसागणिक मोठा होतो, मध्ये तपकिरी पडून सुकतो. थेंबांमधून ऊन एकवटतं आणि पान भाजतं, असंही पुष्कळ लोक सांगतात. पण ही वलयं उमटायला ऊन लागत नाही. सावलीतल्या झाडावर गार पाणी पडलं तरी ती उमटतात.

तेव्हा औषध फवारू नका, त्या फवाऱ्याचं पाणीही गारच असतं. रात्री एक बाटली भरून झाडाशेजारी ठेवा आणि सकाळी खिडकीत ऊन येण्याआधी तेच पाणी द्या. थंडीचा कडाका असेल तर त्यात थोडं गरम पाणी मिसळा. मनगटावर घेतलं तर गार लागता कामा नये.

डागांनी झाड मरत नाही. मरतं ते गाभा कुजल्यानं, आणि आपल्याकडे ती वेळ पावसाळ्यात येते.

त्याच झाडाची पानं जुलैत मलूल झाली. वहिनींनी पाणी वाढवलं. झाड आणखी मान टाकू लागलं, त्यांनी आणखी पाणी घातलं. इथे फसगत अशी, की तहानलेलं झाड आणि कुजणारं झाड लांबून सारखंच दिसतं. कुंडी उचलली की फरक कळतो. हलकी लागली तर झाड तहानलेलं आहे. जड आहे, माती ओली आहे आणि तरीही पानं लोंबताहेत, तर मुळं किंवा गाभा सडतो आहे. वहिनींची कुंडी जड होती. मधली कोवळी पानं करडी पडली होती, त्यांतलं एक हलकेच ओढलं तर देठासकट हातात आलं. देठाचं टोक तपकिरी आणि बुळबुळीत होतं.

हे काम पिथियम आणि फायटोफ्थोरा या सूक्ष्मजीवांचं. ओल टिकून राहिली की ते फोफावतात. पावसाळ्यात हवा दमट असल्यानं पानांच्या गाभ्यात साचलेलं पाणी दिवसभर वाळत नाही आणि कुंडीतली मातीही वाळत नाही. गाभा एकदा बुळबुळीत झाला की ते झाड वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. वाचवायची ती पानं. बाहेरच्या रांगेतली ताठ, निरोगी पानं निवडा, देठ साधारण एक इंच ठेवून धारदार पात्यानं तिरका छाटा आणि ओलसर परलाइटमध्ये खोचा. महिन्याभरात मुळं धरतात, दोन-तीन महिन्यांत बुंध्याशी बारकी रोपं दिसतात. वहिनींच्या तीन पानांपैकी दोन जगली. सडलेली माती टाकून दिली, ती दुसऱ्या कुंडीत वापरायची नाही.

आता पाणी घालायची रीत. मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागला, की पसरट भांड्यात बोटभर कोमट पाणी घ्या आणि कुंडी त्यात ठेवा. तळाच्या भोकांतून माती पाणी ओढून घेते. वीस मिनिटं ते अर्ध्या तासात वरची माती ओलसर दिसते. तेव्हा कुंडी बाहेर काढा, निथळू द्या आणि बशीत उरलेलं पाणी ओतून टाका. बशीत पाणी तसंच राहू दिलंत तर हा सगळा खटाटोप फुकट.

खालून पाणी देण्यात एक उणीव आहे. खतातले आणि पाण्यातले क्षार वर चढत जातात, कुंडीच्या काठावर पांढरी पुटं धरतात आणि त्यांना टेकलेले देठ सडतात. बोअरच्या पाण्यानं हे लवकर होतं. म्हणून महिन्यातून एकदा पानं हातानं वर उचलून मातीवर कोमट पाणी घाला, ते खालून वाहून जाऊ द्या.

काही जण कुंडीच्या भोकातून वात सोडून ती खालच्या डब्यातल्या पाण्यात बुडवतात. सोय चांगली आहे, पण वात लोकरीसारख्या कृत्रिम धाग्याची हवी, सुती वात कुजते. मातीत निम्मं परलाइट हवं, नुसत्या कोकोपीटमध्ये चिखल होतो. आणि जून ते सप्टेंबर वात पाण्यातून बाहेर काढून ठेवावी, हे माझं ठाम मत. कुंडीही मोठी घेऊ नका. झाडाच्या घेराच्या एक तृतीयांश रुंदीची पुरते. मोठ्या कुंडीतली जादा माती मुळांना संपवता येत नाही, ती ओलीच राहते.

पानांवर धूळ बसली तर ती धुवायला हरकत नाही. पाणी कोमट असावं, नंतर मऊ कागदानं गाभ्यातले थेंब टिपून घ्यावेत आणि पानं वाळेपर्यंत झाड सावलीत ठेवावं.

नव्या झाडाची कुंडी घरी आणल्यावर आधी तिची तळाची भोकं मोकळी आहेत ना, ते पाहा. नर्सरीच्या शोभेच्या कुंडीला कधीकधी ती नसतातच.