भाडेकरूने कापलेला कर आणि घरमालकाचे विवरणपत्र

पुणे-नगर रस्त्यावर शिरूर गावात किंवा दौंड जंक्शनच्या आसपास ज्यांचे एखाददुसरे दुकानाचे गाळे आहेत आणि ते ज्यांनी एखाद्या कंपनीला किंवा भागीदारी पेढीला भाड्याने दिले आहेत, अशा मालकांच्या मनात एक समजूत इतकी पक्की बसलेली असते की, ती काढून टाकण्यास आयकर खात्याची नोटीसच यावी लागते. भाडेकरू दरमहा भाड्यातून शेकडा दहा कापून उरलेली रक्कम बँकेत जमा करतो, तेव्हा ‘कर तर कापला गेला, आता त्या भाड्याचा विषय संपला’ असे मालक धरून चालतो, आणि विवरणपत्र भरताना ते उत्पन्न सरळ वगळतो. यात लबाडी क्वचितच असते. बहुधा ते निव्वळ अज्ञान असते, परंतु खात्याच्या दप्तरी दोहोंची नोंद आरंभी सारखीच दिसते.

नमुन्यादाखल शिरूरचे एक निवृत्त शिक्षक घेऊ. राहते घर स्वतःचे आहे, बाजारपेठेत एक गाळा आहे, आणि 2024-25 या आर्थिक वर्षात पेन्शन सहा लाख रुपये झाली. गाळा दरमहा तीस हजारांनी एका कंपनीला दिलेला आहे. म्हणजे वर्षाचे भाडे 3,60,000 रुपये. त्या वर्षी भाड्यावरील करकपातीची मर्यादा वार्षिक 2,40,000 रुपये होती, ती ओलांडली गेल्यामुळे कंपनीने 36,000 रुपये कापून सरकारजमा केले. गुरुजींनी ‘सहज’ नावाचा एक क्रमांकाचा फॉर्म उघडला, पेन्शन लिहिली, आणि कापलेल्या कराच्या रकान्यात संगणकाने आपण होऊन आणून ठेवलेले 36,000 तसेच राहू दिले. पेन्शनमधून 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर उत्पन्न 5,25,000 उरले. नव्या करपद्धतीत त्या वर्षी सात लाखांपर्यंत सूट असल्याने कर शून्य आला, आणि सबंध 36,000 रुपये परत मिळणार असे पाहून गुरुजी निश्चिंत झाले.

येथे एका अडचणीची दखल घ्यावयास हवी, कारण दोष सर्वस्वी गुरुजींचा नाही. त्या वर्षाच्या ‘सहज’ फॉर्ममध्ये एकाच घराला जागा होती. ज्याचे स्वतःचे राहते घर आणि त्याखेरीज भाड्याचा गाळा आहे, त्याला दोन क्रमांकाचा फॉर्म भरणे प्राप्त होते. परंतु पेन्शनधारकाने ‘सहज’ भरावा एवढेच कोणीतरी सांगितलेले असते, आणि गाळ्याला जागा सापडली नाही की तो गळून जातो.

आता खात्याला हे कळते कसे? भाडेकरू कंपनी दर तिमाहीस एक विवरण दाखल करते, त्यात मालकाचा पॅन, दिलेले भाडे आणि कापलेला कर या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात. त्या नोंदी मालकाच्या ‘26 एएस’ या पत्रकात आणि ‘एआयएस’ या वार्षिक माहितीपत्रकात उतरतात. कलम 194-आयखाली 3,60,000 रुपये पावते झाले, असे तेथे लिहिलेले. विवरणपत्रात मात्र भाड्याचा मागमूस नाही, आणि त्याच भाड्यावर कापलेल्या कराची मागणी तेवढी आहे. उत्पन्न दाखवावयाचे नाही आणि त्यावरचा कर मात्र परत मागावयाचा, ही विसंगती यंत्राच्याही नजरेतून सुटत नाही. कायद्याचा नियम असा की, ज्या उत्पन्नावर कर कापला, ते उत्पन्न ज्या वर्षी करपात्र असेल त्या वर्षीच त्या कराचे श्रेय मिळते. त्यामुळे बहुधा कलम 139(9) ची ‘सदोष विवरणपत्रा’ची नोटीस ई-मेलने येते. दुरुस्तीस पंधरा दिवसांची मुदत असते, ती मागून वाढवून मिळू शकते. पण दुर्लक्ष केले तर विवरणपत्र भरलेच नव्हते असे धरले जाऊ शकते.

दुरुस्त हिशेब असा होतो. 3,60,000 मधून गुरुजींनी त्या वर्षी नगरपरिषदेस प्रत्यक्ष भरलेली दहा हजारांची घरपट्टी वजा केली. राहिले साडेतीन लाख. त्यातून कायद्याने ठरवून दिलेली शेकडा तीसची वजावट, म्हणजे 1,05,000, गेली. रंगरंगोटी, दुरुस्ती, शटरचा खर्च यांची वेगळी मागणी करता येत नाही. तो सारा या तीस टक्क्यांतच आला, मग प्रत्यक्ष खर्च कमी होवो की जास्त. उरलेले 2,45,000 पेन्शनच्या 5,25,000 मध्ये मिळवले, की एकूण 7,70,000 होतात. सात लाखांची हद्द ओलांडली म्हणून पूर्वीची सूटही गेली; कर 27,000, उपकर 1,080, एकूण 28,080 रुपये. कापले गेले होते 36,000. सबब परत मिळावयाचे 7,920 आहेत, 36,000 नव्हेत. लक्षात घ्या, उत्पन्न दाखवूनही गुरुजींना काही रक्कम परतच मिळते. गाळ्याचे भाडे लपवण्यात त्यांचे हित मुळी नव्हतेच.

मात्र हा निकाल सर्वांना लागू पडत नाही. कपात होते ती ढोबळ भाड्याच्या दहा टक्के, आणि कर बसतो तो साधारण सत्तर टक्के भाड्यावर, आपापल्या दराने. म्हणून पाच किंवा दहा टक्क्यांच्या पायरीवर असलेल्याला बहुधा पैसे परत मिळतात. वीस-तीस टक्क्यांच्या पायरीवरील मालकाला मात्र याच गाळ्यावर आणखी भरणा करावा लागतो, आणि त्याने भाडे वगळले तर ती सरळ करचुकवेगिरी ठरू शकते. न दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या निम्मा दंड होतो, आणि वस्तुस्थिती जाणूनबुजून खोटी मांडली असे ठरले तर कराच्या दुप्पट. 2024-25 च्या विवरणपत्रातील चूक आपण होऊन सुधारण्याची मुदत आकारणी वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत होती; नंतर ‘अद्ययावत विवरणपत्र’ चार वर्षांपर्यंत भरता येते, पण त्यावर विलंबानुसार पंचवीस ते सत्तर टक्के जादा कर द्यावा लागतो, आणि परतावा मागण्यासाठी ते वापरता येत नाही.

दौंडचा आणखी एक प्रकार सांगतो, कारण तो वडिलोपार्जित मिळकतीत वारंवार घडतो. स्टेशनलगतचा गाळा दोन भावांचा, हिस्से समान. भाडेकरार मात्र थोरल्याच्या नावे आणि पॅनही त्याचाच. धाकट्याला निम्मे भाडे रोखीने पोचते. खात्याच्या नोंदीत सगळेच भाडे थोरल्याचे दिसते, आणि त्याने निम्मेच दाखवले तर तफावत निघते. हिस्से निश्चित असल्यास दोघांची आकारणी स्वतंत्र होते. त्यासाठी भाडेकरूस दोघांची नावे, पॅन आणि हिस्से लेखी कळवावे, म्हणजे तोही कपात हिस्सेवारीने दाखवील. गाळ्याचे भाडे 3,60,000 असते, तर प्रत्येकी 1,80,000 होऊन 2024-25 मध्ये कपातीची वेळच आली नसती.

आता एप्रिल 2025 पासून ही मर्यादा दरमहा पन्नास हजार झाली आहे, त्यामुळे शिरूरच्या तीस हजारांच्या गाळ्यावर आता कंपनी काहीच कापत नाही. कपात थांबली म्हणून भाडे करमुक्त झाले, असा नवा गैरसमज कोणी करून घेऊ नये. ते उत्पन्न पूर्वीइतकेच करपात्र आहे, आणि ज्यांच्यावर त्यामुळे वर्षाला दहा हजार किंवा त्याहून अधिक कर निघतो, त्यांना तो आता स्वतः आगाऊ हप्त्यांनी भरावा लागतो. व्यवसाय नसलेल्या, साठी पूर्ण केलेल्या निवासी नागरिकाला तेवढी हप्त्यांतून सवलत आहे.