नोकरीला नकार कळवताना
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

नोकरी मिळवायची कशी यावर बारामतीत पुष्कळ व्याख्याने झाली असतील. मी आज मिळालेली नोकरी नाकारायची कशी यावर बोलणार आहे. पुढे बसलेल्या काही पालकांच्या कपाळावर आत्ताच आठी पडलेली दिसते. पडू द्या.

समजा, इंदापूर तालुक्यातली एक मुलगी बारामतीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सप्टेंबरात कॅम्पसला पुण्याची कंपनी आली, निवड झाली, ऑफर लेटर हातात पडले. रुजू व्हायचे जुलैत. गावात पेढे वाटून झाले. फेब्रुवारीत तिने गेटची परीक्षा दिली, मार्चमध्ये निकाल लागला आणि स्कोअर चांगला आला. आता एम. टेक. करायचे तिच्या मनात आहे. कंपनीला कळवायचे कधी?

निकालाच्या दिवशी कळवू नये. स्कोअर म्हणजे प्रवेश नव्हे. आयआयटींच्या जागा ज्या COAP पोर्टलवर दाखवल्या जातात, तिथे साधारण मे महिन्यापासून फेऱ्या सुरू होतात. जागा आली की तीन पर्याय समोर येतात. `Retain and Wait` म्हणजे ही जागा राहू दे, पुढच्या फेरीत आणखी चांगली मिळते का पाहते. `Reject and Wait` म्हणजे ही नको, पुढची बघते. आणि `Accept and Freeze` म्हणजे हीच घेतली, शोध संपला. पहिल्या दोन पर्यायांवर असताना तिचे काहीच पक्के नसते. तिसरा निवडला, त्या संस्थेची फी भरली आणि पावती आली, की मात्र त्याच दिवशी कंपनीला कळवायचे.

प्रत्यक्षात होते उलटेच. मुले पावती खिशात घालून गप्प बसतात. ‘असू दे हाताशी, तिकडे काही बिनसले तर?’ असा घरचाही सल्ला असतो. जुलैत रुजू व्हायच्या दिवशी मुलगा येत नाही, फोन बंद असतो. याची किंमत कोण मोजतो ते पाहा. अनेक कॉलेजांत एका विद्यार्थ्याला एकच नोकरी असा नियम असतो. तुम्ही जागा धरलीत म्हणजे त्याच कंपनीच्या प्रतीक्षायादीतला तुमचा वर्गमित्र बाहेर राहिला. मेमध्ये कळवले तर त्याला बोलावता येते. जुलैत तो दुसरीकडे चिकटलेला असतो किंवा घरी बसलेला असतो. आणि पुढच्या वर्षी शंभर किलोमीटर गाडी मारून बारामतीला यायचे का, हे ठरवताना कंपनीच्या माणसाला मागच्या वर्षी किती जण आलेच नाहीत, हे आठवतेच.

कळवण्याचाही क्रम आहे. आधी कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना जाऊन भेटा. कंपनीकडून त्यांना बाहेरून कळले, तर त्यांची अडचण होते. मग कंपनीच्या एचआरला फोन, आणि फोननंतर लगेच ईमेल. नुसत्या फोनची नोंद राहत नाही. ईमेलच्या विषयात नाव, पद आणि ऑफर लेटरचा क्रमांक घाला. मजकूर इंग्रजीत लिहाल, पण तो एवढाच असू द्या: ‘आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे. मला एम. टेक.ला प्रवेश मिळाला असून मी तो घेतला आहे, त्यामुळे रुजू होऊ शकत नाही. माझी जागा दुसऱ्या उमेदवाराला देता यावी म्हणून आजच कळवत आहे. ईमेल मिळाल्याचे कृपया कळवावे.’ प्लेसमेंट अधिकाऱ्यांना प्रत पाठवा. शेवटचे वाक्य गाळू नका. ते उत्तर जपून ठेवायचे असते.

आईच्या आजारपणाचे कारण सांगू नका. एचआरवाले भेटतात पुन्हा, आणि तुमचा नवा पत्ता आयआयटीचा आहे हे ऑनलाइन सगळ्यांना दिसते. पगार वाढवून घेण्यासाठी तर हा ईमेल अजिबात नाही. त्यांनी ‘आकडा वाढवला तर याल का?’ असे विचारले, तर उत्तर एका वाक्यात द्या, नाहीतर आठवडाभर फोन चालतील. ‘दोन वर्षांनी येते, जागा ठेवाल का?’ असेही विचारू नका. सहसा कोणी ठेवत नाही.

ज्यांचे मन अजून दोलायमान आहे, त्यांच्यासाठी एक सोय आहे. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षे चालतो. यंदा नोकरी करून पुढच्या वर्षी प्रवेशासाठी अर्ज करता येतो. घरची ओढाताण असेल, उसाचे बिल थकले असेल, तर मला हाच मार्ग बरा वाटतो. पण मग तो नकार राहत नाही, राजीनामा होतो, आणि त्याला नोटीस पीरियड लागतो, कुठे बाँडही असतो. म्हणून रुजू होताना सही करण्यापूर्वी ही दोन कलमे वडिलांना शेजारी बसवून मोठ्याने वाचा.